पहिल्या हप्त्यातले ६,३८० रुपये

गृहकर्ज मंजूर झालं की बँकेत पंधरा-वीस ठिकाणी सह्या कराव्या लागतात. त्या कागदांच्या गठ्ठ्यात एक लांबलचक तक्ता असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे, आणि हा तक्ता त्याचाच भाग असतो. बँकेच्या भाषेत त्याला अमॉर्टायझेशन शेड्यूल म्हणतात, साध्या मराठीत परतफेडीचा तक्ता. वीस वर्षांच्या कर्जात त्याच्या २४० ओळी असतात, एकेका हप्त्याची एकेक. बहुतेक घरांत तो सही होऊन फाईलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

मग वर्षभराने बँकेचं स्टेटमेंट हातात पडतं आणि घरात वादळ उठतं. वर्षात चार लाखांहून जास्त रक्कम भरली, आणि कर्ज कमी झालं जेमतेम ऐंशी हजारांनी. बाकीचे पैसे गेले कुठे? सगळे व्याजात. ‘बँक आधी आपलं व्याज वसूल करून घेते आणि मग मुद्दलाला हात लावते’ हे वाक्य मग सोसायटीच्या गच्चीपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत ऐकू येतं. आकडे खरे असतात, पण त्यांतून काढलेला अर्थ चुकीचा असतो. नेमकं काय होतं ते त्या फाईलमधल्या तक्त्यातच लिहिलेलं असतं.

उदाहरणादाखल पिंपरी-चिंचवडमधल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी घेतलेलं कर्ज धरू. रक्कम ४० लाख, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता येतो ३४,७१३ रुपये.

तक्त्याची पहिली ओळ वाचायला दोनच गणितं लागतात. साडेआठ टक्के हा वर्षाचा दर. त्याला बारानं भागलं की महिन्याचा दर मिळतो, सुमारे ०.७०८ टक्के. पहिल्या महिन्यात कर्जदाराकडे बँकेचे पूर्ण ४० लाख आहेत. त्यांचं एका महिन्याचं व्याज २८,३३३ रुपये. हप्ता ३४,७१३ रुपयांचा, त्यातून हे व्याज वजा केलं की उरतात ६,३८० रुपये. तेवढेच मुद्दलातून कमी होतात. म्हणजे हप्त्यातल्या प्रत्येक शंभर रुपयांतले जवळपास ८२ रुपये व्याजाचे.

दुसरी ओळ जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आता शिल्लक मुद्दल ३९,९३,६२० रुपये. त्याचं महिन्याचं व्याज २८,२८८ रुपये, मागच्या महिन्यापेक्षा ४५ रुपयांनी कमी. हप्ता तर तोच आहे. त्यामुळे हे ४५ रुपये मुद्दलाकडे वळतात आणि मुद्दलाचा वाटा ६,४२५ रुपये होतो. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच, थोड्या मोठ्या रकमेनं. सगळा तक्ता या एकाच नियमावर चालतो: जेवढे पैसे कर्जदाराकडे उरले आहेत तेवढ्यांचंच, तेवढ्या महिन्याचंच व्याज, आणि हप्त्यातलं उरलेलं सगळं मुद्दलात. ‘आधीच्या वर्षांत व्याज जास्त कापा’ असं कुठलंही कलम त्यात नाही. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं, कारण सुरुवातीलाच बाकी सगळ्यात मोठी असते.

बँकेनं पुढच्या वर्षांचं व्याज आधीच घेतलेलं नसतं, याची परीक्षा घेता येते. समजा या कर्जदाराने पाच वर्षांनी काही कारणाने कर्ज पूर्ण बंद करायचं ठरवलं. तोपर्यंत त्याने २०,८२,७७६ रुपये भरले आहेत. त्यांतले सुमारे १६ लाख ८ हजार व्याजाचे आणि ४ लाख ७५ हजार मुद्दलाचे. खातं बंद करायला त्याला उरलेले ३५ लाख २५ हजारच द्यावे लागतील, पुढच्या पंधरा वर्षांच्या व्याजातला एक रुपयाही नाही. आता उलटं गणित करू. या पाच वर्षांत त्याच्याकडे बँकेचे सरासरी ३७ लाख ८३ हजार रुपये होते. त्यांवर साडेआठ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज किती? १६ लाख ८ हजार. हिशेब चोख जुळतो. जेवढे पैसे वापरले त्याचंच भाडं दिलं गेलं, आगाऊ काहीच नाही.

तरीही पहिल्या हप्त्यात मुद्दलाला इतका थोडा वाटा का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर हप्ता समान ठेवण्याच्या सोयीत आहे.

दुसऱ्या पद्धतीनेही कर्ज फेडता येतं. ४० लाखांचे २४० समान भाग करायचे, दर महिन्याला १६,६६७ रुपये मुद्दल आणि वर त्या महिन्याचं व्याज. या पद्धतीत पहिल्या महिन्यापासून मुद्दल भराभर कमी होतं आणि वीस वर्षांत एकूण व्याज लागतं सुमारे ३४ लाख १४ हजार. समान हप्त्यांच्या पद्धतीत ते ४३ लाख ३१ हजार होतं. फरक नऊ लाखांहून जास्त. पण या पद्धतीचा पहिला हप्ता किती येतो? ४५,००० रुपये. आणि शेवटचा १६,७८५. म्हणजे पगार कमी असतो, घरात रंग-फर्निचर-नोंदणीचा खर्च नुकताच झालेला असतो, नेमका तेव्हा हप्ता सर्वांत जड. बहुतेक तरुण जोडप्यांना तो झेपणार नाही आणि बँकही तेवढं कर्ज मंजूर करणार नाही. समान हप्त्याची पद्धत पहिल्या महिन्यातले हे दहा हजार रुपये हलके करते. मात्र जे मुद्दल आज फेडलं नाही ते उद्या कर्जदाराकडेच राहतं आणि त्यावर व्याज चढतं. वरचे नऊ लाख हे त्या सवलतीचं मोल आहे.

यातून तक्त्याचा वाकडा आकार समजतो. मुद्दलाचा वाटा दर महिन्याला आधीच्या महिन्याच्या ०.७०८ टक्क्यानं वाढत जातो. सुरुवातीला ही वाढ ४५ रुपयांची, दहा वर्षं झाली की महिन्याला शंभरावर. चक्रवाढीचं हे काम कर्जदाराच्या बाजूनं चालू असतं, पण त्याची सुरुवात लहान आकड्यापासून होत असल्याने फळ उशिरा दिसतं. १४३व्या हप्त्यात, म्हणजे बारावं वर्ष संपत आलं की, पहिल्यांदा मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो. दहा वर्षं पूर्ण होतात, मुदत निम्मी सरते, साडेएक्केचाळीस लाखांहून जास्त भरून झालेले असतात, आणि तरी २८ लाख बाकी असतात. निम्मं कर्ज फिटायला १६६ हप्ते लागतात, जवळपास चौदा वर्षं. उरलेलं निम्मं मग सहा वर्षांत फिटतं. पहिल्या वर्षी मुद्दलात गेले होते ७९,६०९ रुपये. विसाव्या वर्षी तेवढ्याच हप्त्यांतून जातात सुमारे ३ लाख ९८ हजार. शेवटच्या हप्त्यात व्याज फक्त २४४ रुपये असतं.

घरातली वडील मंडळी हा एकूण आकडा ऐकून दामदुपटीची आठवण काढतात. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, असा तो जुन्या हिंदू कायद्यातला नियम, मुंबई इलाख्यात न्यायालयंही तो लावत असत. पण तो साचलेल्या, न दिलेल्या व्याजाला आळा घालण्यासाठी होता. गृहकर्जात व्याज साचत नाही, महिन्याच्या महिन्याला चुकतं होतं. म्हणूनच ४० लाखांवर ४३ लाख व्याज देऊनही कुठे व्याजावर व्याज लागलेलं नसतं.

मुदतीचा परिणाम याच पहिल्या ओळीत सगळ्यात स्पष्ट दिसतो. तेच ४० लाख, तोच दर. पहिल्या महिन्याचं व्याज मुदत कितीही असली तरी २८,३३३ रुपयेच. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४९,५९४ रुपये आणि मुद्दलात २१,२६१ रुपये जातात. वीस वर्षांत ६,३८०. आणि तीस वर्षांची घेतली तर हप्ता ३०,७५७ रुपये, मुद्दलात २,४२३. वीसवरून तीसवर जाताना हप्ता चार हजारांनीही कमी होत नाही, पण मुद्दलात जाणारी रक्कम तिसऱ्या हिश्श्याच्याही थोडी अलीकडे… नेमकं सांगायचं तर ३८ टक्क्यांवर येते, कारण कमी झालेला प्रत्येक रुपया मुद्दलाच्याच वाट्यातून जातो. व्याजाचा वाटा ठरलेला आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. तीस वर्षांत एकूण व्याज होतं ७० लाख ७२ हजार. हप्ता ‘थोडासाच’ हलका करून घेण्याआधी ही ओळ प्रत्येकाने पाहायला हवी.

आता या सगळ्याची सर्वांत नाजूक बाजू. मुद्दलाचा वाटा सुरुवातीला इतका बारीक असतो की व्याजदर थोडा वाढला तरी तो पार पुसला जाऊ शकतो. हे नुसतं कागदावरचं भय नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशीच, जोडलेली असतात. त्यामुळे ही अडीच टक्क्यांची वाढ काही महिन्यांतच कर्जदारांपर्यंत पोचली.

अशा एका कर्जाचं गणित मांडून पाहू. ४० लाखांचं कर्ज, पावणेसात टक्के दर, वीस वर्षं, हप्ता ३०,४१५ रुपये. वर्षभर हप्ते भरून बाकी ३९ लाख २ हजारांवर आली. दरवाढ प्रत्यक्षात टप्प्याटप्प्यानं झाली, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून ती वर्षाच्या शेवटी एकदम झाली असं धरू. नवा दर सव्वानऊ टक्के. या दरानं महिन्याचं व्याज होतं ३०,०७८ रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात केवळ ३३७ रुपये. याच हप्त्यानं कर्ज फेडायचं तर आणखी ५८७ महिने लागतील. एकोणपन्नास वर्षं! कर्ज घेताना पस्तिशीत असलेला माणूस पंच्याऐंशीचा होईल. दर आणखी एक दशांश टक्क्याच्या थोडा वर गेला असता तर व्याज हप्त्यापेक्षा मोठं झालं असतं आणि दर महिन्याला हप्ता भरूनही कर्ज वाढत गेलं असतं. मुदत आधी ठरली होती तेवढीच राखायची असेल तर हप्ता सुमारे ३६,४०० रुपये करावा लागतो, म्हणजे महिन्याला सहा हजार जास्त.

त्या काळात अनेक ठिकाणी हप्ता तसाच ठेवून मुदत परस्पर लांबवली गेली. खात्यातून दर महिन्याला तीच रक्कम जात राहिल्यानं कर्जदाराच्या लक्षातही आलं नाही. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं यावर सविस्तर सूचना काढल्या. दर बदलून हप्ता किंवा मुदत बदलत असेल तर कर्जदाराला लगेच कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्यायचं. दर तीन महिन्यांनी त्याला एक विवरण उपलब्ध करून द्यायचं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि व्याजदर असेल. मुदत वाढवतानाही व्याज हप्त्याला गिळणार नाही याची खबरदारी बँकेनं घ्यायची.

या विवरणातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा सगळ्यात आधी पाहावा. दर महिन्याला हप्ता गेला, तर तीन महिन्यांत हा आकडा तीननं कमी व्हायलाच हवा. तो तसाच असेल किंवा वाढला असेल तर मुदत लांबवली गेली आहे. दुसरी खूण म्हणजे मुद्दलाचा वाटा. तक्त्याप्रमाणे तो महिन्यागणिक वाढत जायला हवा. तो अचानक घसरला तर दर बदलला आहे आणि हप्ता बदललेला नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवायला हवा. काही बँका व्याज महिन्याऐवजी दिवसांवर मोजतात. ४० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज २८,८७७ रुपये होतं, तर २८ दिवसांच्या फेब्रुवारीचं २६,०८२. तेवढ्या चढउतारानं घाबरण्याचं कारण नाही. तीन-चार महिन्यांचा एकत्र कल पाहावा.

हातात मूळ तक्ता नसेल तर तो घरीही करता येतो. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये पहिल्या हप्त्याचं व्याज आणि मुद्दल या दोन सूत्रांनी मिळतं. मधला १ बदलून हप्त्याचा क्रमांक घातला की ती ओळ समोर येते.

```
=IPMT(8.5%/12,1,240,-4000000)
=PPMT(8.5%/12,1,240,-4000000)
```

तक्ता एकदा वाचता आला की मधेच एकरकमी भरणा करण्याचं गणितही उलगडतं. पहिल्या उदाहरणातल्या, साडेआठ टक्क्यांच्या कर्जदाराला वर्षाअखेरीस बोनस मिळाला आणि त्याने एक लाख रुपये जास्तीचे भरले. ते सगळेच्या सगळे मुद्दलात जातात, कारण त्या महिन्याचं व्याज हप्त्यातून आधीच चुकतं झालेलं असतं. तक्त्यावर याचा अर्थ असा की पुढच्या जवळपास चौदा ओळी ओलांडल्या जातात. हप्ता तोच ठेवला तर कर्ज सुमारे पावणेचौदा महिने आधी संपतं आणि व्याजात पावणेचार लाखांच्या वर रक्कम वाचते. तेच एक लाख पंधरा वर्षांनी भरले तर सव्वाचार महिन्यांच्या आसपास मुदत घटते आणि बचत होते सुमारे ५१ हजारांची.

या दोन आकड्यांवरून एक चुकीचा निष्कर्ष फार पसरला आहे: शेवटच्या वर्षांत व्याज ‘देऊन झालेलं’ असतं, तेव्हा जास्तीचे पैसे भरण्यात काही अर्थ नाही. भरलेल्या प्रत्येक रुपयावर वाचणारा दर दोन्ही वेळा साडेआठ टक्केच असतो. फरक इतकाच की पहिल्या वर्षी भरलेला रुपया एकोणीस वर्षं व्याज वाचवतो आणि पंधराव्या वर्षी भरलेला पाच वर्षं. कर्जाच्या शेवटीही हातात मोकळे पैसे असतील आणि ते दुसरीकडे कर वजा जाता साडेआठ टक्के मिळवत नसतील, तर कर्जात भरणंच फायद्याचं ठरतं. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मात्र यात घालू नयेत. गृहकर्जात गेलेला रुपया सहजासहजी परत काढता येत नाही.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून बँकांना मनाई केली आहे. तरीही एकरकमी भरणा करताना एका ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं. काउंटरवर किंवा मोबाइल ॲपमध्ये विचारतात, हप्ता कमी करायचा की मुदत? घाईत ‘हप्ता कमी’ निवडला तर वर सांगितलेल्या एक लाखानं हप्ता ८८५ रुपयांनी घटतो, मुदत तेवढीच राहते आणि एकूण व्याज वाचतं सुमारे १ लाख २ हजार. ‘मुदत कमी’ निवडली तर वाचतात पावणेचार लाख. घरखर्चाची ओढाताण असेल तर पहिला पर्याय योग्यच आहे, दरमहा ते ८८५ रुपये हातात राहतात. ओढाताण नसेल तर दुसरा. काही ठिकाणी हा प्रश्न विचारलाच जात नाही आणि बँकेचा ठरलेला पर्याय आपोआप लागू होतो. म्हणून भरणा झाल्यावर आठवडाभरात नवा तक्ता मागून घ्यावा आणि त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख किती अलीकडे सरकली आहे ते पाहावं.